औषधी मच्छरदाणी दोन वर्षं धुऊन वापरतोय, आता भोकंही पडलीत. अजून डास मरतात का?

मरतात, पण धाग्यात औषध उरलं असेल तरच. डेल्टामेथ्रिनसारखं पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक डासाच्या पायांतून आत जातं, नसा सतत उत्तेजित ठेवतं आणि त्याला लुळं पाडतं. डास थेट भोकात शिरत नाही. वाट शोधत जाळीवर बसत-उठत राहतो, तेवढ्यात औषध लागतं. म्हणून नव्या जाळीचं बारीक भोक खपून जातं, खूप धुतलेल्या जाळीचं नाही. टिकाऊ औषधी मच्छरदाणी साधारण २० धुण्यांपर्यंत चालते, तीही थंड पाणी आणि सौम्य साबण वापरून, न घासता. सोलापूरच्या उन्हात गच्चीवर टाकू नका, उन्हानं औषध मोडतं. सावलीत वाळवा, भोकं सुईदोऱ्यानं शिवा. डेंग्यूचा डास मात्र दिवसा चावतो, त्याला रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही.