मंजुरीची तारीख की पहिल्या हप्त्याची?

प्रश्न : वकीलसाहेब, घोडबंदर रोडला कासारवडवलीत माझा फ्लॅट आहे. बँकेचे मंजुरीपत्र 18 मार्च 2019 चे, करारनामा त्याच महिन्यात नोंदला आणि बिल्डरला पहिला हप्ता 11 एप्रिल 2019 ला गेला. काम रखडले. ओसी, म्हणजे महापालिकेचा भोगवटा दाखला, 19 डिसेंबर 2024 ला आली, जानेवारीत आम्ही राहायला आलो. 2024-25 चे विवरणपत्र मी जुन्या करपद्धतीने भरले आणि व्याजाचे 2 लाख वजा केले. आता विभागाची नोटीस आली आहे : घर मुदतीत पूर्ण झाले नाही, 2 लाखांऐवजी 30 हजारच का देऊ नयेत? पगार 15 लाख. 80सी मध्ये पीएफ 96 हजार, मुद्दल 18 हजार आणि उरलेल्या 36 हजारांत स्टॅम्प ड्यूटी धरली आहे. ताबा मिळेपर्यंत प्री-ईएमआयचे जवळजवळ 9 लाख व्याज भरले, ते सगळे वाया गेले का? काय उत्तर देऊ?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमची बाजू भक्कम आहे, पण सगळी नाही. 36 हजारांवर मी नंतर येतो, आधी 2 लाखांचे पाहू.

स्वतः राहण्याच्या घराचे वार्षिक मूल्य कायद्याने शून्य धरले जाते. उत्पन्न शून्य, तरी कर्जाचे व्याज वजा होते आणि तो तोटा पगारातून कापून मिळतो. हिशेबाच्या काटेकोर नियमाने हे बसत नाही. ही सरळसरळ सवलत आहे, माणसाने कर्ज काढून स्वतःचे घर घ्यावे म्हणून दिलेली. सवलत आली की अटी येतात. पहिली अट मर्यादेची. दुसरी अशी की, ज्या आर्थिक वर्षात कर्ज घेतले ते वर्ष संपल्यापासून 5 वर्षांत घर घेऊन किंवा बांधून पूर्ण झाले पाहिजे. नाही झाले तर मर्यादा 2 लाखांवरून 30 हजारांवर येते. ही मुदत आधी 3 वर्षांची होती. गृहप्रकल्प रेंगाळतात हे सरकारने 2016 च्या अर्थसंकल्पात मान्य केले आणि ती 5 वर्षे केली. हेतू एवढाच की सवलतीचा पैसा घर उभे राहण्यात जावा, खड्ड्यात उभ्या असलेल्या पिलरवर वर्षानुवर्षे नव्हे. बिल्डरचा दोष घेणाऱ्याच्या माथी का, हा तुमचा राग रास्त आहे. पण कलमात ‘बिल्डरमुळे उशीर’ असा अपवाद नाही, तेव्हा उत्तरात त्या रडगाण्यावर ओळी घालवू नका.

तुमचा सगळा वाद एका प्रश्नावर येऊन ठेपतो : कर्ज ‘घेतले’ कधी? विभागाने मंजुरीपत्राची तारीख धरलेली दिसते. मार्च 2019 म्हणजे 2018-19 हे वर्ष, म्हणजे 5 वर्षे 31 मार्च 2024 ला संपली आणि ओसी उशिरा. पण पैसा 11 एप्रिल 2019 ला निघाला. ते वर्ष 2019-20, मुदत 31 मार्च 2025 पर्यंत, आणि ओसी डिसेंबर 2024 ची. चोवीस दिवसांच्या फरकाने एक अख्खे वर्ष हलते.

कलमाचे शब्द कर्ज घेतल्याचे आहेत, मंजूर झाल्याचे नाहीत. मंजुरी म्हणजे बँकेची तयारी. त्या दिवशी तुमच्यावर एक रुपयाही देणे नव्हते, व्याजही चालू झाले नव्हते. तुम्ही दुसऱ्याच दिवशी जाऊन नको म्हणाला असता तर कर्जच झाले नसते. शिवाय याच कायद्यात पहिल्या घरासाठीच्या जादा सवलती, 80ईई आणि 80ईईए, यांत कर्ज ठरावीक काळात ‘मंजूर’ झालेले असावे असे शब्द मुद्दाम घातलेले आहेत. जिथे मंजुरीची तारीख मोजायची होती तिथे कायदा करणाऱ्यांनी तसे लिहिले, व्याजाच्या कलमात लिहिले नाही. उत्तरातला मुख्य मुद्दा हाच ठेवा, बाकीचे त्याच्या मागे.

आता एक खाचखळगा. बँकेकडून कर्जखात्याचा उतारा पहिल्या दिवसापासूनचा मागवा आणि पहिली ओळ स्वतः वाचा. पुष्कळदा बँका कर्जाबरोबर विम्याची पॉलिसी देतात आणि तिचा हप्ता कर्जातच जोडतात. तो मार्चच्या शेवटच्या आठवड्यात खात्यावर टाकलेला असेल तर उताऱ्यात पहिली नावे नोंद मार्चची दिसेल आणि अधिकारी तीच दाखवेल. तशी नोंद निघाली तरी घाबरू नका. ती रक्कम विम्यासाठी होती, घर घेण्यासाठी नव्हती, आणि कलम घर घेण्यासाठी किंवा बांधण्यासाठी घेतलेल्या पैशाविषयी बोलते. पण हे स्वतःहून आधी लिहा, त्यांनी शोधून काढण्याची वाट पाहू नका.

कागद मोजकेच जोडा : उतारा, बँकेने 11 एप्रिलला बिल्डरच्या खात्यात पैसे पाठवल्याचे पत्र, बिल्डरचे त्या हप्त्याचे मागणीपत्र, महापालिकेची ओसी आणि बँकेचा व्याजाचा दाखला. दाखल्याशिवाय 2 लाखांची मर्यादा लागतच नाही, तो पहिल्याच पानावर असू द्या. पोर्टलवर `Pending Actions` मध्ये `e-Proceedings` उघडून नोटिशीतल्या मुदतीत उत्तर टाका आणि पोचपावती जपून ठेवा. तोंडी काही समजवायचे असेल तर तिथूनच व्हिडिओ सुनावणीची विनंती करता येते.

कलमात ‘ओसी’ हा शब्द नाही, ‘पूर्ण’ एवढाच आहे. तुमच्याकडे ओसी मुदतीत आहे म्हणून हा वाद तुम्हाला लागू नाही. ज्यांनी फिटआउटसाठी म्हणून चाव्या घेतल्या आणि ओसी मात्र मुदतीनंतर आली, त्यांची गाडी इथे अडते. माझ्या मते अशा ताब्यावर विसंबणे धोक्याचे, कारण ओसी नसलेल्या इमारतीत राहायला जाणे हेच मुळात महाराष्ट्राच्या फ्लॅट कायद्यात बसत नाही. मग तोच ताबा पुरावा म्हणून कुठल्या तोंडाने दाखवायचा?

किती पैशांचा प्रश्न आहे तेही पाहा. 2 लाखांचे 30 हजार झाले तर करपात्र उत्पन्न 1,70,000 ने वाढते. तुमचा हा भाग 30 टक्क्यांच्या पट्टीत आहे, सेस धरून 53,040 रुपये कर, वर एप्रिल 2025 पासून दरमहा 1 टक्का व्याज. उत्पन्न कमी दाखवल्याचा दंडही ते काढू शकतात. पण सगळी माहिती उघड करून प्रामाणिक खुलासा दिला असेल तर दंडातून सुटण्याची तरतूद आहे. म्हणूनच उत्तराच्या शेवटी एक ओळ लिहा : हा मुद्दा मान्य झाला नाही तरी खुलासा सद्हेतूने दिलेला आहे, दंड लावू नये.

आता 36 हजार. इथे मात्र तुम्ही चुकलात. 80सी मध्ये स्टॅम्प ड्यूटी आणि नोंदणी शुल्क बसते, पण ज्या वर्षी भरले त्याच वर्षी. तुम्ही ती 2019 मध्ये भरली. 2024-25 मध्ये ती धरता येत नाही. हा मुद्दा लढवू नका, कबूल करा : 11,232 रुपये कर आणि व्याज. एक चूक मोकळेपणाने मान्य केलेल्या माणसाचा दुसरा मुद्दा अधिकारी जास्त लक्ष देऊन वाचतो, हा माझा अनुभव.

नऊ लाखांचे उत्तर कडू आहे. ताबा ज्या वर्षी मिळाला त्याच्या आधीच्या 31 मार्चपर्यंतचे व्याज, तुमच्या बाबतीत 31 मार्च 2024 पर्यंतचे, पाच समान भागांत वजा होते. म्हणजे दरवर्षी फार तर 1,80,000, 2024-25 ते 2028-29. पण हे त्याच 2 लाखांच्या आत. तुमचे चालू व्याज वर्षाला 3 लाख 90 हजारांच्या आसपास असणार, त्यानेच मर्यादा भरते. त्यामुळे प्री-ईएमआयचा पाचवा हिस्सा कागदावर राहतो, हातात काही येत नाही, आणि मर्यादेवर गेलेले पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. 2 लाखांचा आकडा 2014 पासून हललेला नाही, ठाण्यातल्या घरांच्या किमती मात्र हलल्या.

मुद्दलाची सवलत वेगळ्या धाटणीची आहे. ती 80सी च्या दीड लाखात पीएफ, विमा यांच्याबरोबर वाटून घ्यावी लागते, आणि तिच्या शेपटीला आणखी एक पाच वर्षे बांधली आहेत. ताबा मिळालेले वर्ष संपल्यापासून 5 वर्षांच्या आत, म्हणजे 31 मार्च 2030 च्या आधी, फ्लॅट विकलात तर मुद्दलापोटी घेतलेली सगळी वजावट विक्रीच्या वर्षात तुमचे उत्पन्न म्हणून परत जोडली जाईल. सवलत राहणाऱ्यासाठी आहे, घेऊन विकणाऱ्यासाठी नाही, असा त्यामागचा विचार. गंमत अशी की व्याजाच्या वजावटीला ही परतफेड नाही.

विचारले नसले तरी एक सांगतो. 2025-26 चे विवरणपत्र भरताना जुन्या पद्धतीला चिकटून राहू नका. तुमचे मुद्दल आणि पीएफ मिळून पुढे दीड लाख भरतील. त्यात व्याजाचे 2 लाख, मेडिक्लेमचे 25 हजार, एनपीएसचे 50 हजार असे सगळे धरले, तरी जुन्या पद्धतीत कर 1,24,800 येतो. नव्या पद्धतीत यातले काहीही न धरता 75 हजारांच्या प्रमाणित वजावटीनंतर 97,500. म्हणजे ज्या 2 लाखांसाठी आपण आज भांडतोय ते या वर्षी तुम्हाला नकोच आहेत. पगारदाराला, धंद्याचे उत्पन्न नसेल तर, पद्धत दरवर्षी निवडता येते. ऑफिसने जुन्या पद्धतीने टीडीएस कापला असला तरी विवरणपत्रात नवी निवडा, फरक परत मिळेल. मात्र 2024-25 साठी आता नव्या पद्धतीत उडी मारता येणार नाही, मुदत उलटून गेली.

नव्या पद्धतीत स्वतः राहण्याच्या घराचे व्याज आणि 80सी दोन्ही नाहीत. भाड्याने दिलेल्या घराचे व्याज मात्र तिथेही भाड्यातून वजा होते, 2 लाखांच्या किंवा 5 वर्षांच्या अटीशिवाय, फक्त तोटा पगारातून कापता येत नाही. घर घेऊन राहणाऱ्याला उत्तेजन देण्याचे धोरण सरकारने दरातल्या कपातीच्या बदल्यात हळूहळू सोडून दिले आहे, असेच मी याकडे पाहतो.

1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू आहे. त्यात व्याजाचे कलम 24 ऐवजी 22 आणि 80सी ऐवजी 123 झाले. तुमची नोटीस 2024-25 ची, तेव्हा उत्तरात जुन्याच कायद्याची कलमे लिहा.