बकल फॅट, म्हणजे गालातली चरबीची गादी, काढल्यावर पुढं वय वाढलं की चेहरा ओढल्यासारखा दिसतो काय?

"वय २३, खानापूर. गाल लई गुबगुबीत आहेत. बेळगावात ऑपरेशन करून घेऊ काय?"

थांब की गं जरा. वरच्या दाढेसमोर गालाच्या आतनं छोटा छेद देऊन चरबीची गादी ओढून काढतात, अन् ती परत येत नाही. तिशी-चाळिशीनंतर चेहऱ्यावरची बाकीची चरबी, हाडंसुद्धा हळूहळू कमी होतात, मग गादी नसलेल्या जागी गालफाडं वर अन् खाली खड्डा, माणूस आजारी दिसतंय. नंतर फिलरचं इंजेक्शन नाहीतर पोटामांडीची चरबी भरायची, पण ती हुबेहूब बसत नाही.

आधी दात घट्ट आवळून जबड्याच्या कोपऱ्यावर बोट ठेव. तिथं कडक गोळा फुगला तर रुंदी स्नायूची आहे, चरबी काढून कमी होणार नाही. अन् आईचे चाळिशीतले फोटो बघ, तिचे गाल बसले असतील तर नकोच.