पेपरातल्या जाहिरातीने नाव बदलत नाही, आणि आडनावाला हात लावू नका

प्रश्न: मी बडोद्यात राहतो. नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आता नाव-आडनाव दोन्ही बदलायचंय. पेपरात जाहिरात दिली की आधारवर नवं नाव लागतं का?

नाही लागत. आधारमध्ये पूर्ण नाव बदलायचं तर राजपत्राची प्रत आणि जुन्या नावाचं ओळखपत्र असं दोन्ही मागतात. जाहिरात ही राजपत्राकडे जायची फक्त एक पायरी. पण त्या जाहिरातीत तुम्ही काय छापणार आहात याची मला जास्त काळजी वाटते.

माझं जन्मनाव खंडू. (खंडेराव मार्केटच्या गावात हे नाव घेऊन शाळेत जाऊन बघा.) मला आनंद व्हायचं होतं. सोगंदनामा करून देणाऱ्याने तयार मजकूर पुढे केला : 'मी हिंदू धर्म सोडून बौद्ध धर्म स्वीकारला असून आजपासून माझे नाव...' मी ते वाक्य खोडायला लावलं. गुजरातच्या २००३च्या धर्मस्वातंत्र्य कायद्यात दीक्षा देणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यायची असते, आणि दीक्षा घेणाऱ्याने नंतर त्यांना कळवायचं असतं. चुकलं तर एक वर्षापर्यंत कैद, हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवानगी हातात नसताना ते वाक्य छापलं, की आपणच आपल्याविरुद्धचा पुरावा पैसे मोजून पेपरात दिला.

त्याआधी एका टेबलावर मला तोंडी सांगितलं होतं, 'बौद्ध म्हणजे हिंदूच, परवानगी कशाला?' लिहून द्या म्हटलं तर साहेब चहाला गेले. राज्यघटनेच्या कलम २५ मधल्या स्पष्टीकरणाचा आधार घेऊन तेव्हा असंच सांगत. ८ एप्रिल २०२४ला गृहखात्याने परिपत्रक काढलं, की या कायद्यापुरता बौद्ध धर्म वेगळा, हिंदूमधून जायचं तर परवानगी हवीच. त्यानंतर भंतेंनी रीतसर अर्ज केला, मंजुरी आली आणि मग मी दीक्षा घेतली.

नाव मात्र मी त्याआधीच बदललं होतं, कारण नाव बदलायला धर्माचं कारण द्यावंच लागत नाही. भारताच्या राजपत्राच्या भाग चारमध्येसुद्धा नावबदल आणि धर्मबदल असे दोन वेगळे मथळे असतात. सोगंदनामा, मग जाहिरात, मग दिल्लीच्या प्रकाशन विभागाकडे अर्ज, असा क्रम. नमुन्यावर सही जुन्या नावाने, खाली दोन साक्षीदार. तिन्ही कागदांवर इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर एकच हवं. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी. तेव्हा जुनं नाव ज्या ओळखपत्रावरून उचलाल तेच सगळीकडे वापरा. नंतर आधी आधार, मग पॅन, मग बँक. आधारमधलं नाव जन्मात दोनदाच बदलता येतं. लग्नानंतर किंवा स्पेलिंगसाठी एकदा बदललं असेल तर एकच संधी उरली. यातल्या एकाही कार्डावर धर्माचा रकाना नाही. मग धर्म छापायची घाई कोणासाठी?

आता आडनाव. आमचे दादा म्हणायचे, 'नाव बदलून काय होतंय, आडनाव बदल. लोक जात आडनावावरून ओळखतात.' त्यांनी बदललं. मी म्हणालो, बाबासाहेबांनी १९५६ला नागपुरात दीक्षा घेतली, आंबेडकर आडनाव टाकलं का? यावर ते माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत. पुढे पुतण्याच्या जातीच्या दाखल्याची पडताळणी निघाली. आजोबांच्या दाखल्यावर एक आडनाव, बापाच्या दाखल्यावर तेच, मुलाच्या कागदांवर भलतंच. १९९०च्या दुरुस्तीपासून बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीचा हक्क आहे, तो धर्मामुळे जात नाही. पण हक्क सांगणारा त्याच घरातला आहे हे कागदावरच दाखवावं लागतं. दादांचं राजपत्र शोधायला माळ्यावरच्या ट्रंका उपसल्या. सापडलं म्हणून निभावलं. त्या दिवशीसुद्धा दादा म्हणाले नाहीत की तुझं बरोबर होतं. वहिनी म्हणाल्या.

म्हणून फक्त स्वतःचं नाव बदला. वडिलांचं नाव आणि आडनाव तसंच राहू द्या. बदलायचंच असेल तर मुलं शाळेत असतानाच त्यांचंही बदला, आणि राजपत्राच्या प्रती जपा.

तुमची दीक्षा आधीच झाली आहे, म्हणजे पहिलं काम भंतेंना परवानगीचा कागद विचारायचं. नसेल तर जाहिरात देण्याआधी वकील गाठा. आणि हे सगळं गुजरातचं. इंदूर-ग्वाल्हेरकडच्यांनी यावर जाऊ नये, मध्य प्रदेशचा २०२१चा कायदा निराळा आहे.