चाव्यांचा जुडगा

ताई, ठाण्यात आमची 64 फ्लॅटची सोसायटी आहे, तीन वर्षं मी सेक्रेटरी आहे. कमिटीत आम्ही अकरा जण, कागदावर. मीटिंगला चार-पाच टाळकी येतात, "हो हो करू" म्हणतात आणि गायब. कोणाला पगार नाही त्यामुळे झापताही येत नाही, शेवटी सगळं मीच करतो. दिवाळीआधी टाकी सफाईचं काम दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी स्वतःहून घेतलं होतं, रिटायर्ड इंजिनियर आहेत. त्या दिवशी माणसं दोन तास खाली बसून राहिली, कारण टेरेस आणि पंपरूमची चावी माझ्याकडे असते आणि मी ऑफिसात होतो, मग हाफ डे टाकून आलो. आता पुढच्या सफाईला काकाही नाही म्हणतायत. बायलॉजमध्ये आहे की लागोपाठ तीन मीटिंगला न कळवता आलं नाही तर कमिटीतून नाव जातं. काढू का नोटीस?
– एक दमलेला सेक्रेटरी

सेक्रेटरीसाहेब, नोटिशीचं नंतर बघू. आधी चावीचं बोलू, जी तुम्ही जाता जाता लिहून गेलात.

माझ्या तर डोळ्यासमोरच आलं सगळं. काकांनी चार फोन करून माणसं ठरवली असतील, आदल्या दिवशी बोर्डावर लिहिलं असेल की सकाळी नऊ ते पाच पाणी बंद, घरोघरी बादल्या-पिंपं भरून झाली असतील. नऊ वाजता माणसं आली, ब्रश पाइप सगळं घेऊन, आणि पंपरूमच्या पायरीवर बसली. वरून कोणीतरी गॅलरीतून विचारलं असणार, "काका, सुरू झालं का हो?" आणि ज्या माणसाने उभी नोकरी मशिनांवर काढली त्याने काय सांगायचं, की माझ्याकडे चावी नाही? तुमच्या हिशोबात तो दिवस म्हणजे तुमचा गेलेला हाफ डे. काकांच्या हिशोबात अख्ख्या बिल्डिंगसमोर दोन तास खाली उभं राहणं आहे, आणि त्याबद्दल तुम्ही पत्रात एक शब्द लिहिला नाहीत म्हणजे त्यांनाही बोलला नसणार.

मला हे चटकन दिसलं कारण मीपण हेच करून बसले होते. डोंबिवलीला आमच्या बिल्डिंगची मी सहा वर्षं खजिनदार, गणपतीच्या वर्गणीचं काम एका कॉलेजातल्या मुलीला दिलं, मोठ्या मनाने दिलं बरं का, पण पावतीपुस्तक ठेवलं माझ्याच कपाटात, न जाणो हरवलं तर. ती पोरगी प्रत्येक घरातून पैसे घ्यायची आणि पावतीसाठी तिसऱ्या मजल्यावर माझ्याकडे यायची, परत खाली, परत वर. तिसऱ्या दिवशी तिचा धाकटा भाऊ आला, म्हणाला ताईची परीक्षा आहे. कसली परीक्षा, कॉलेज नुकतं सुरू झालेलं! आणि मी महिनाभर सगळ्यांना सांगत फिरले की आजकालच्या मुलांना जबाबदारी नको असते.

तर नोटीस काढू नका. काढलीत तरी हाती काय लागणार, रिकामी खुर्ची, आणि त्या खुर्चीत बसायला 64 घरांतून कोण धावत येणार आहे? अकराच्या कमिटीला कोरमला सहा लागतात, तुमच्याकडे येतात चार-पाच, म्हणजे आत्ताच तुमचे ठराव लंगडे आहेत. उद्या कमिटीच चालेना झाली तर रजिस्ट्रार ऑफिसातून प्रशासक येऊन बसू शकतो, आणि त्याचं मानधनही सोसायटीच्याच खिशातून जातं.

आज रात्री जेवण झालं की काकांच्या घरी जा. ग्रुपवर मेसेज नको, फोन नको, स्वतः जा आणि म्हणा की काका, त्या दिवशी तुम्हाला खाली उभं ठेवलं ती चूक माझी होती. आणि टेरेस नि पंपरूमच्या चाव्या जुडग्यातून काढून त्यांच्यासमोर टेबलावर ठेवा. "पुढच्या वेळी लक्षात ठेवीन" वगैरे नाही, चाव्या. मग म्हणा, पाण्याचं सगळं तुम्ही बघाल का. सगळं म्हणजे दोन्ही टाक्या, पंप, वॉल्व्ह, प्लंबर, सफाई कधी आणि कोणाकडून. सुटी सुटी कामं देऊ नका, "जरा प्लंबरला फोन करता का" हे काम नव्हे, ती निरोप्याची नोकरी झाली आणि तीही बिनपगारी.

ते हो म्हणाले की पुढच्या मीटिंगला सहा जण जमवून साधा ठराव करा, पुढच्या एजीएमपर्यंत पाणी काकांकडे, आणि अमुक रकमेपर्यंतचा खर्च त्यांनी कोणाला न विचारता करायचा, बिल मागाहून कमिटीपुढे ठेवायचं. तुमच्याएवढ्या सोसायटीला दहा-पंधरा हजारांची मर्यादा पुरे, टाकी सफाई आणि किरकोळ दुरुस्ती त्यात बसावी. हा आकडा मिनिट्समध्ये लिहिलाच पाहिजे, नाहीतर नळ बदलायलाही ते तुम्हालाच फोन करणार आणि तुम्ही परत म्हणणार सगळं मीच करतो. मिनिट्स, सभासदांचं रजिस्टर, चेकवरची सही, हे तुमच्याकडेच राहू दे. पण सही बिल आल्यावर दोन-तीन दिवसांत करा हं, कारण पैशासाठी तो सफाईवाला फोन काकांना करतो, तुम्हाला नाही, आणि महिनाभर अडकलेलं बिल म्हणजे परत तीच चावी.

एका रविवारी काकांबरोबर तासभर फिरा, तुमच्या डोक्यात जे आहे ते बाहेर काढायला. कुठला वॉल्व्ह कुठल्या विंगचा, प्रत्येकाला पत्र्याचा बिल्ला बांधा. वरच्या टाकीत आगीसाठी राखलेला वेगळा कप्पा असेल तर तो दाखवा, तो बऱ्याच ठिकाणी वर्षानुवर्षं तसाच राहतो कारण एकाच माणसाला माहीत असतं. आणि खालच्या टाकीत माणूस उतरला असेल तेव्हा पाणी उपसायच्या पंपाचा स्विच बंद आणि झाकणापाशी एक जण कायम उभा, ही एक गोष्ट बजावून सांगा, शॉक लागून किंवा आत गुदमरून माणसं जातात. एवढं झालं की तोंड बंद. काका दोन हजार महाग माणूस आणतील, आणू देत. तुम्ही रविवार ठेवला असता, ते शनिवार ठेवतील, ठेवू देत. बोर्डावरच्या नोटिशीखाली नाव त्यांचं, आणि पाण्याची तक्रार घेऊन कोणी तुमच्या दारात आलं तर "काकांना विचारा", बस.

दहाच्या दहा जण यातून कामाला लागतील असं मी सांगत नाही. दोन, फार तर तीन. जो फक्त चहा-बिस्किटाला येतो त्याला येऊ द्या, कोरमला उपयोगी पडतो.

पुढच्या सफाईच्या दिवशी खरंतर ऑफिसलाच जा, नेहमीसारखे, आणि अकरा वाजता फोन करून "झालं का सुरू" विचारू नका. आणि हो, काकांना चाव्या द्यायच्या आधी कोपऱ्यावरच्या चावीवाल्याकडून डुप्लिकेट करून घ्यायचा विचार आत्ता तुमच्या डोक्यात आलाय ना? करा, पण ती वॉचमनच्या केबिनमध्ये पाकिटात सील करून ठेवा, वर काकांची सही. तुमच्या जुडग्यात नको.