ब्रेक-इव्हन बँकेला टक्क्यांत नको, किलोत सांगा

प्रश्न: नागपुरात लाल तिखट दळून पाकिटात विकायचा छोटा कारखाना टाकतोय. मशीनसाठी ४ लाखांचं कर्ज मागितलंय. बँकेतल्या साहेबांनी विचारलं, "ब्रेक-इव्हन किती?" सीएने केलेल्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ५० टक्क्यांच्या आसपास लिहिलंय, पण मला ते समजावून सांगता आलं नाही. हे काढायचं कसं आणि सांगायचं कसं?

उत्तर:

मी इथेच, नागपुरात, बँकेच्या कर्ज विभागात बरीच वर्षं काढली, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून सांगतो. ब्रेक-इव्हन म्हणजे जिथे ना नफा ना तोटा, एवढी विक्री. साहेबांना त्याचं सूत्र ऐकायचं नसतं, ते त्यांना पाठ असतं. महिन्याला किती माल विकला गेला की तुमचा धंदा स्वतःचा खर्च आणि आमचा हप्ता काढेल, आणि तेवढा माल खरंच विकला जाईल का, एवढंच त्यांना तुमच्या तोंडून ऐकायचं असतं. "५० टक्के" म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच: कशाचे ५० टक्के? बहुतेक अर्जदार तिथेच अडकतात.

तुम्ही आकडे दिलेले नाहीत, म्हणून मी एक नमुना धरतो. तुमचे खरे आकडे यात घाला, रीत तीच राहील.

सुरुवात एका किलोपासून करा. समजा कळमन्याच्या बाजारात सुकी मिरची १८० रुपये किलोने पडली. पण १०० किलो मिरचीचं १०० किलो तिखट होत नाही. देठ जातात, उन्हात ओल उडते, सडकी-पांढरी मिरची निवडून टाकावी लागते, दळताना थोडी भुकटी उडते. १०० किलोतून ८८ किलो तिखट हाती आलं, तर एका किलो तिखटातली मिरची १८० ला नाही, २०४ रुपये ५० पैशांना पडली. रिपोर्टमध्ये ही घट बऱ्याचदा धरलेलीच नसते, आणि मसाल्याच्या फाईलमध्ये मी पहिल्यांदा तीच शोधायचो. ती तुम्ही स्वतः मोजा. एक पोतं आणा, वजन करा, देठ खुडून वाळवा, ओळखीच्या चक्कीवर दळून घ्या, परत वजन करा आणि दोन्ही वजनं तारखेसकट वहीत लिहा. अधिकाऱ्यासमोर हे पान सीएच्या शिक्क्यापेक्षा जास्त बोलतं.

आता त्याच किलोवर बाकीचे खर्च चढवा. देठ खुडायची मजुरी ८ रुपये, वीज ३, २०० ग्रॅमची पाच पाकिटं लेबलासकट १०, पॅकिंगची मजुरी ५, दुकानापर्यंत पोचवायचे साडेचार. एकूण २३५ रुपये. दुकानदाराला तुम्ही २९० ने देता असं धरू. जीएसटीची नोंदणी असेल तर तिखटावरचा ५ टक्के कर या भावात धरू नका, तो तुमचा पैसा नाही. २९० मधून २३५ गेले, म्हणजे किलोमागे ५५ रुपये सुटतात. पुढचा सगळा हिशोब या ५५ वर उभा आहे.

दुसऱ्या बाजूला, एक पाकीटही विकलं नाही तरी महिन्याला जाणारे पैसे. भाडं १२,०००, मशीनवरच्या कायम माणसाचा पगार १५,०००, वीजबिलातला स्थिर आकार १,५००, विमा, परवाना, फोन, हिशोबनीस मिळून ३,५००. झाले ३२,०००. वीजबिलाचे दोन तुकडे केलेत हे लक्षात घ्या: युनिटचे पैसे मालाबरोबर वाढतात म्हणून ते वर किलोत गेले, स्थिर आकार इथे आला. पॅकिंगच्या बायांना किलोवर पैसे देत असाल तर ती मजुरी वर, महिन्याच्या पगारावर ठेवल्या तर इथे.

इथून पुढे दोन वाटा आहेत, आणि तुमचा गोंधळ इथेच झाला असणार.

सीएची वाट नफा-तोट्याची. तो ३२,००० मध्ये कर्जाचं व्याज आणि मशीनचा घसारा, म्हणजे वापराने दरवर्षी कमी होणारी तिची किंमत, मिळवतो. ४ लाख, ११ टक्के, पाच वर्षं धरलं तर पहिल्या वर्षी व्याज महिन्याला सरासरी ३,४०० पडतं. मशिनरी एकूण ५ लाखांची (एक लाख तुमचे), तिच्यावर आयकराच्या १५ टक्के दराने पहिल्या वर्षीचा घसारा ७५,००० म्हणजे महिन्याला ६,२५०. एकूण ४१,६५०. भागिले ५५, म्हणजे महिन्याला ७५८ किलो. रिपोर्टमध्ये पहिल्या वर्षाची विक्री महिन्याला १,५०० किलो धरली असेल, तर ७५८ म्हणजे तिचे साधारण ५० टक्के. तुमच्या रिपोर्टमधले टक्के बहुधा असेच आले आहेत. ते अंदाजे विक्रीचे टक्के आहेत, मशीनच्या क्षमतेचे नाहीत. तरी सीएला एकदा विचारून खात्री करून घ्या, कारण काही रिपोर्टमध्ये ते क्षमतेवर काढलेले असतात.

दुसरी वाट गल्ल्याची. घसारा कुणाच्या हातात द्यावा लागत नाही, म्हणून तो इथून काढा. पण हप्ता पूर्ण द्यावा लागतो, नुसतं व्याज देऊन भागत नाही. मुद्दलाची परतफेड नफा-तोटा पत्रकात खर्च म्हणून दिसत नाही, खात्यातून मात्र दर महिन्याला जाते. वरच्या अटींवर हप्ता ८,७०० च्या आसपास बसतो. शिवाय तुमच्या घरी चूल पेटायला हवी, त्यासाठी २०,००० धरू. ३२,००० अधिक ८,७०० अधिक २०,०००, झाले ६०,७००. भागिले ५५: १,१०४ किलो. रुपयांत सांगायचं तर महिन्याला ३ लाख २० हजारांची विक्री.

घरखर्चाचा आकडा रिपोर्टमध्ये सहसा नसतो, आणि तो नाही म्हणून धंदा ७५८ किलोवरच सुटला असं वाटतं. अधिकारी फसत नाही. बाकी कुठली कमाई नसलेला माणूस घरखर्च दाखवत नसेल, तर तो हप्त्याच्या पैशातून भागणार हे त्याला कळतं.

साहेबांसमोर एवढंच बोला: "सर, किलोमागे माझे ५५ रुपये सुटतात. ७५८ किलोवर कागदोपत्री तोटा थांबतो, ते रिपोर्टमध्ये आहे. पण तुमचा हप्ता आणि माझं घर धरून मला महिन्याला १,१०४ किलो विकायला लागतात. पंचवीस दिवस धरले तर रोजचे ४४ किलो." दोन्ही आकडे आपणहून सांगितले की रिपोर्टशी मेळ बसतो आणि उलटतपासणी निम्मी होते. सोबत भाडेकराराची प्रत, मशीनचं कोटेशन आणि कळमन्यातल्या खरेदीची एखादी पावती ठेवा.

मग ते मिरचीच्या भावावर येतील. यायलाच हवं, कारण या धंद्याची दुखरी नस तीच आहे. मिरची १८० ची २०० झाली आणि तुम्ही भाव वाढवला नाही, तर घटीसकट किलोमागचा खर्च जवळपास २३ रुपयांनी वाढतो. सुटणारे ५५ चे ३२ होतात आणि १,१०४ किलोंचे १,८८० होतात. मिरची ११ टक्क्यांनी महागली आणि विकायचा माल ७० टक्क्यांनी वाढला! पाकिटामागे ३ रुपये, म्हणजे किलोमागे १५ रुपये भाव वाढवता आला तर आकडा १,२८० च्या आसपास परत येतो. घटीचंही तसंच. ओलसर माल गळ्यात पडला आणि ८८ ऐवजी ८४ किलोच तिखट निघालं, तर भाव तोच असूनही १,३४० किलो विकावे लागतात. वरून कोरडी दिसणारी मिरची पोत्याच्या मधोमध ओली असू शकते. मूठभर मधली काढून मोडून बघा, कडक मोडली पाहिजे, वाकली तर भाव पाडून मागा. "मिरची महागली तर काय कराल?" याला "बघू" हे उत्तर चालत नाही. "२०० पर्यंत पाकिटामागे ३ रुपये वाढवीन, त्यापुढे इतका साठा हंगामात घेऊन ठेवलेला असेल" असं उत्तर लागतं. मात्र साठ्यासाठी कॅश क्रेडिट, म्हणजे मालासाठी लागेल तसं उचलायचं बँकेचं कर्ज, घेणार असाल तर त्याचं व्याजही ६०,७०० मध्ये मिळवा.

मशीनच्या क्षमतेवर फार बोलू नका. तासाला २५ किलो दळणारी मशीन दिवसाला सहा तास चालली तरी महिन्याला ३,७५० किलो निघतात, म्हणजे १,१०४ हे क्षमतेच्या ३० टक्केही नाहीत. ऐकायला छान वाटतं, पण मशीन अडत नाही, गिऱ्हाईक अडतं. इतवारीत सुटं तिखट ढिगाने मिळतं, घरोघरी उन्हाळ्यात वर्षाचं दळून ठेवतात. एक किराणा दुकान महिन्याला तुमची ४० पाकिटं, म्हणजे ८ किलो खपवत असेल, तर १,१०४ किलोंसाठी १३८ दुकानं लागतात. मानेवाडा, प्रतापनगर, हिंगणा रोड अशी वस्तीवार यादी करा, हो म्हणालेल्या दुकानदारांच्या नावापुढे खूण करा. एखादी खानावळ किंवा सावजी भोजनालय महिन्याला ४० किलो घेणार असेल तर पाच दुकानांचं काम एका ठिकाणी होतं. पण तिथे भाव तोडून मागतात. २९० ऐवजी २७० ने दिलं तर ५५ ऐवजी ३५ सुटतात, म्हणून तो माल वेगळा मोजा.

उधारी या हिशोबात कुठेच दिसत नाही, हे ध्यानात असू द्या. १,१०४ किलो विकले आणि पैसे महिन्याने आले, तर २ लाख ६० हजारांचा तुमचा माल दुकानदारांच्या फळीवर अडकलेला असतो. ब्रेक-इव्हन गाठूनही हप्ता चुकतो तो असाच. ती रक्कम खेळत्या भांडवलात वेगळी दाखवा.

शेवटचा प्रश्न, जो चांगला अधिकारी हमखास विचारतो: तिथपर्यंत पोचेपर्यंत खड्डा कोण भरणार? पहिल्या महिन्यात ४०० किलो, मग ६००, ८००, १,००० आणि पाचव्या महिन्यात १,१०४ असं धरा. चार महिन्यांत अनुक्रमे ३८,७००, २७,७००, १६,७०० आणि ५,७०० कमी पडतात, मिळून ८८,८००. हे पैसे आधीच तुमच्या खात्यात असायला हवेत. पहिले सहा महिने मुद्दलाला सवलत मिळाली आणि नुसतं व्याज भरावं लागलं, तर या चार महिन्यांत साधारण २०,००० वाचतात. पण मुदत पाच वर्षांचीच राहिली तर पुढचा हप्ता ९,४०० च्या घरात जातो आणि ब्रेक-इव्हन १३-१४ किलोंनी वर सरकतो. सवलत मागताना तो वाढलेला आकडाही त्याच कागदावर लिहून न्या.