अभिनंदनाची तीन मिनिटं

मालवण

प्रिय मित्रा,

तुझा कालचा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. देवगडच्या शाखेतल्या चौघांनी एकाच वेळी जेएआयआयबी ही बँकिंगची परीक्षा काढली, शुक्रवारी कामकाज संपल्यावर छोटा कार्यक्रम आहे आणि साहेबांनी बोलायचं काम तुझ्यावर टाकलंय. त्यातून तुला दोन अडचणी वाटतात. तू स्वतः अजून परीक्षेला बसलेला नाहीस, त्यामुळे कौतुक करायचा अधिकार आहे का, ही पहिली. त्यांच्याच गटातले गोल्ड लोनचे अधिकारी एका पेपरात अडकले आणि तेही समोर बसलेले असतील, ही दुसरी. सोबत भाषणाचा मसुदा पाठवलायस. त्यात जिद्द आहे, चिकाटी आहे, यशाचं शिखर आहे. माणूस मात्र एकही नाही. हा मसुदा बाजूला ठेव.

पहिली अडचण मला अडचणच वाटत नाही. तू परीक्षा दिली नाहीस, पण पावसाळाभर तू त्याच शाखेत होतास आणि त्यांना पाहत होतास. बोलायला एवढंच लागतं. प्रत्येकाचं नाव घे आणि त्या माणसानं केलेलं, तू स्वतः पाहिलेलं एक काम सांग. नाव आणि काम. बाकी सगळं गळलं तरी चालेल.

आता मार्कांबद्दल, कारण तिथे तू घसरशील अशी मला भीती वाटते. मसुद्यात तू ‘उत्तम गुण मिळवून’ असं लिहिलंयस. नियम तुला माहीत आहे. पेपर चार, प्रत्येकी शंभर मार्कांचे, पासिंग पन्नासला. पण एकाच प्रयत्नात चारही पेपर दिले, प्रत्येकात किमान ४५ मिळाले आणि चारशेपैकी एकूण दोनशे भरले, तर पन्नासच्या खालचा पेपरही सुटतो. तूच लिहिलंयस की हेड कॅशियर ताईंना अकाउंट्सच्या पेपरात ४६ आहेत आणि बाकी तिन्हींत ५८, ५५, ६१. बेरीज २२०, त्या पास. गोल्ड लोनवाल्यांनाही अकाउंट्समध्ये ४६च. पण बाकीचे तीन ५१, ५० आणि ५२, म्हणजे बेरीज १९९. एका मार्कानं अकाउंट्स राहिला. दोघांचा त्या पेपरातला आकडा एकच आहे, पण एकीचा सत्कार होणार आणि दुसरा टाळ्या वाजवणार. अशा खोलीत ‘उत्तम गुण’ म्हणालास, तर ताईंना वाटेल आपल्याला टोमणा मारला आणि गोल्ड लोनवाल्यांना वाटेल आपल्याला हिणवलं. कोणीतरी हौशी माणूस मागून ‘काठावर!’ असं ओरडेलच. त्याला संधी देऊ नकोस. मार्क, टक्के, कितवा प्रयत्न, यातलं काहीही तोंडातून जाता कामा नये. वाढणाऱ्या इन्क्रिमेंटचाही उल्लेख नको. तो निघाला की सगळी सभा पार्टी कोण देणार यावर जाते आणि माणसं बाजूला पडतात.

दुसऱ्या अडचणीचं उत्तर क्रमात आहे. अशा भाषणात नावं हुद्द्यानं घेतात, नाहीतर मार्कांनी. हुद्द्यानं घेतलीस तर तो सरकारी कार्यक्रम होतो आणि मार्कांनी घेतलीस तर मघाचा घोळ होतो. तू अभ्यास जसा घडला तसा सांग. आधी काय सुरू झालं, मग कोणी काय केलं. तू लिहिलंयस की सकाळी नऊ वाजता जेवणाच्या खोलीत पांढऱ्या फळ्यासमोर बसायची पद्धत गोल्ड लोनवाल्यांनीच सुरू केली. मग गोष्ट त्यांच्यापासूनच सुरू होते. त्यांचं नाव पहिलं येतं आणि ते खरं असतं. ‘पुढच्या वेळी नक्की’ हे वाक्य मग लागतच नाही. ते वाक्य कधी म्हणूही नकोस. त्यांचे तीन पेपर जमा आहेत आणि उरलेला एक त्यांना मुदतीत द्यायचा आहे, हे त्यांना तुझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. चारचौघांत दिलेला दिलासा माणसाला जास्त लागतो. आदल्या दिवशी मात्र त्यांना एकट्याला गाठ आणि विचार, “तुमचं नाव सुरुवातीला घेणार आहे, चालेल ना?” ते नको म्हणाले तर नको. कार्यक्रम त्यांच्यावर लादायचा नाही.

तुझा मसुदा मोडून मी असा लिहिला असता. नावं तू घाल.

“मित्रांनो, जूनमध्ये आपल्या जेवणाच्या खोलीत एक फळा आला. तो अमुक भाऊंनी आणला. सकाळी नऊला इथे बसायचं, असं त्यांनीच सांगितलं आणि सगळ्यांच्या आधी तेच येऊन बसायचे. शाखा इतक्या लवकर उघडून देणारे आपले दफ्तरी काका होते, म्हणून ते जमलं. त्या फळ्यावर कृषी अधिकारी तमुक सरांनी एकदा एक रोखा लिहिला. शंभर रुपयांचा, सात टक्क्यांचा, वर्षभराचा. बाजारात व्याज आठ टक्के झालं तर आज त्याचे किती रुपये द्याल, असं विचारलं. आम्ही सगळे गप्प. त्यांनी १०७ ला १.०८ ने भागलं आणि ९९ रुपये ७ पैसे लिहिले. व्याज वाढलं की रोख्याचा भाव का उतरतो, ते मला त्या दिवशी कळलं. मी तर फक्त डबा घ्यायला आत गेलो होतो. गणपतीत चाकरमान्यांची रांग दारापर्यंत होती. कॅश जुळेपर्यंत अंधार पडायचा. त्यानंतर एसटीची वाट बघताना आपल्या ताई व्याख्या आपल्या आवाजात रेकॉर्ड करून सगळ्यांना पाठवायच्या. मागे कंडक्टरची शिट्टीही ऐकू यायची...”

असंच पुढे सर्व्हिस मॅनेजर आणि क्लार्क मुलगा. त्यांच्याबद्दल तू काहीच कळवलेलं नाहीस, म्हणून मला लिहिता येत नाही. उद्या त्यांच्याकडे जरा नीट बघ, किंवा बाकीच्यांना विचार. पण ऐकीव सांगायचं झालं तर ‘ताईंकडून कळलं’ असं म्हणून सांग. पाहिल्याचा आव आणू नकोस. शाखेत सगळ्यांना सगळं माहीत असतं, खोटं लगेच पकडलं जातं. आणि शेवटी एवढंच म्हण, “तुम्हा चौघांचं मनापासून अभिनंदन,” आणि खाली बस.

जमतंय की नाही हे बोलतानाच कळतं. नाव घेतल्यावर माना त्या माणसाकडे वळल्या आणि कोणी मध्येच ‘हो, आणि त्या दिवशी लाईट पण गेली होती!’ असं बोललं, तर समज की बरोबर चाललंय. सगळे तुझ्याकडेच बघत राहिले किंवा एखाद्यानं मोबाईल काढला, तर तू पुन्हा जिद्द-चिकाटीत शिरलायस. तिथल्या तिथे वाक्य सोड आणि पुढचं नाव घे.

वेळेचं गणित साधं आहे. सावकाश बोललं तर तीन मिनिटांत साडेतीनशेच्या आसपास शब्द जातात. पण प्रत्येक नावाला टाळ्या पडणार, मध्ये हसणं होणार. म्हणून अडीचशेच शब्द लिही. ‘सन्माननीय व्यासपीठ’पासून सुरू केलंस तर पहिलं मिनिट तिथेच संपतं. क्षेत्रीय कार्यालयातले साहेब आले असतील तर स्वागताचं तुमच्या शाखेच्या साहेबांवर सोपव, तू करू नकोस. कविता नको. सुविचार नको. नाव आणि काम, इतकंच.

मी यावर एवढा अडून का बसतो, तेही सांगतो. आमच्या वेळी जेएआयआयबी हे नाव नव्हतं, आम्ही सीएआयआयबी पार्ट वन म्हणायचो आणि उत्तरं हातानं लिहायची. आम्ही तिघं एकत्र बसलो होतो. त्यातल्या एकानं अख्खं वर्ष आम्हाला बांधून ठेवलं. मला हिशेबाचे पेपर जमायचे नाहीत. तो रोज रात्री माझ्या खोलीवर येऊन ताळेबंद सोडवून घ्यायचा आणि मग कंदील घेऊन चिखलातून आपल्या घरी जायचा. निकाल लागला, तिघंही पास झालो, सत्कार झाला. त्या वेळच्या साहेबांनी वीस मिनिटं भाषण केलं. बँकेची परंपरा, वरिष्ठांचं मार्गदर्शन, राष्ट्र उभारणी, सगळं झालं. आमची नावं एकदाच घेतली, हार घालताना, कागदावरून वाचून. त्यातलं त्याचं आडनावही चुकीचं वाचलं. महिन्याभरात त्याची बदली झाली आणि तो कोकणाबाहेर गेला. त्यानं वर्षभर काय केलं, हे त्या शाखेत कोणालाच कळलं नाही. मला त्याची खंत अजून आहे. पुढे माझ्या हातात शाखा आली तेव्हा दर सत्काराला मी नाव आणि काम एवढंच बोललो. काहींना ते रुक्ष वाटायचं, ‘साहेब दोन शब्द चांगले बोलत नाहीत’ असंही म्हणायचे. मी बदललं नाही आणि आजही बदलणार नाही. विशेषणं कोणीही कोणालाही लावू शकतं. कंदील घेऊन चिखलातून कोण गेलं, हे फक्त पाहणाऱ्यालाच सांगता येतं आणि पाहणाऱ्यानं ते सांगायलाच हवं.

तुझ्यावर थोडा चिडून लिहिलंय, ते मनावर घेऊ नकोस. तुला त्या गोल्ड लोनवाल्यांची काळजी वाटली, म्हणून तर मी रात्री बसून एवढं लिहिलं. फक्त ती काळजी गोड शब्दांत गुंडाळू नकोस.

आडनावांचे उच्चार उद्या एकेकाला विचारून घे आणि कागदावर सुटसुटीत अक्षरात लिही. दफ्तरी काकांचंही. मग गुरुवारी रात्री जेवण झाल्यावर मला फोन कर आणि घड्याळ लावून मोठ्यानं वाचून दाखव. कुठे विशेषण ऐकू आलं तर मी तिथेच थांबवीन.

तुझा,
काका