रायफली बाहेर ठेवायला लावा

प्रश्न: एकमेकांविरुद्ध लढणारे दोन सैनिक थंडीच्या रात्री पडक्या झोपडीत अडकतात, अशी लघुकथा लिहितोय. वाचलेले सगळे म्हणतात, फिल्मी झालीय. काय बदलू?

दोघं एकमेकांना बायकामुलांचे फोटो दाखवत असतील तर तो भाग आधी काढा. अशा रात्री मनं जुळण्याच्या कितीतरी आधी साध्या गोष्टी ठरवाव्या लागतात. हत्यार कुठे ठेवायचं, विस्तवाजवळ कोणी बसायचं, पहिली झोप कोणाची. कथा तिथेच आहे.

असा एक प्रसंग खरोखर घडलाय. २७ एप्रिल १९४०, नॉर्वेतल्या ग्रोटलीजवळचा बर्फाळ डोंगराळ भाग. ब्रिटिश नौदलाच्या एका स्कुआ विमानाने जर्मन हाइन्केल बॉम्बर पाडला, आणि थोड्याच वेळात इंजिन बंद पडून ते स्वतःही एका गोठलेल्या तळ्यावर उतरलं. वैमानिक पार्ट्रिज आणि त्याचा साथीदार बोस्टॉक यांना शिकाऱ्यांची एक छोटी झोपडी सापडली. मागोमाग तिथे तीन जर्मन येऊन ठेपले, पिस्तुलं आणि चाकू घेऊन. त्यांचा वैमानिक शॉपिस. चौथा साथीदार विमानातच मेला होता.

आता ब्रिटिशांनी काय केलं बघा. खोटं बोलले. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये आणि हातवाऱ्यांनी त्यांनी सांगितलं, की आम्ही पडलेल्या वेलिंग्टन बॉम्बरमधले आहोत. तुमचं विमान आम्हीच पाडलं आणि तुमचा माणूस आमच्या गोळ्यांनी मेला, हे त्या झोपडीत कोण कबूल करणार? मग झोपडी तुम्ही घ्या म्हणून ते दुसरा आसरा शोधायला निघाले आणि हिवाळ्यापुरतं बंद असलेलं एक हॉटेल त्यांना सापडलं. म्हणजे रात्र त्यांनी एका छपराखाली काढलीच नाही. मला यात सौजन्यापेक्षा सावधपणा जास्त दिसतो. सकाळी मात्र जर्मन हॉटेलवर आले आणि सगळ्यांनी मिळून न्याहारी केली.

तुमच्या कथेत दोघंच आहेत आणि दुसरी झोपडी नाही, तेव्हा हत्यारांचा प्रश्न टाळता येणार नाही. मी पायदळात होतो, त्यामुळे इथे एक गोष्ट सुचवतो. कडाक्याच्या थंडीत रायफल उबेत आणत नाहीत. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखं गार लोखंडाला पाणी सुटतं. पुन्हा बाहेर नेली की ते पाणी आतल्या भागांत गोठतं आणि बोल्ट अडकतो. म्हणून रायफली बाहेरच, आडोशाला ठेवतात. हे दोघांनाही माहीत असणार. म्हणजे तहाचं अवाक्षर न काढता दोघं रायफली बाहेर ठेवू शकतात, आणि तसं करण्यात कमीपणाही नाही. पिस्तूल आणि चाकू मात्र आत येतील. रात्री कोणी लघवीला उठला, की दुसऱ्याने डोळे मिटून पावलं मोजायची. दारापाशी थांबला, की रायफलींकडे वळला? हा एक परिच्छेद नीट जमला तर मैत्रीचे संवाद लिहावेच लागणार नाहीत.

दुसरी गोष्ट विस्तवाची. पडक्या झोपडीत तो सुखासुखी पेटत नाही. लाकूड ओलं, धुराने डोळे चुरचुरतात, छपरावरचा बर्फ वितळून नेमका निखाऱ्यांवर ठिबकतो. वारा अडवायला भगदाडात ओव्हरकोट कोंबला, की धूर आणि कोळशाचा विषारी वायू आत कोंडतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग गुंगी येते. थकलेल्या माणसाला ती साधी झोपच वाटते. एकाला हे ओळखता येतं आणि दुसऱ्याला येत नाही, असं करून बघा. ओळखणाऱ्याला फक्त कोट ओढून काढायचाय, किंवा एकट्यानेच बाहेर जाऊन बसायचंय. त्याने काय करायचं ते तुम्ही ठरवा, पण त्याला दोन मिनिटं विचार करू द्या. लगेच धावला तर पुन्हा फिल्मी.

राहिली सकाळ. ग्रोटलीत न्याहारीनंतर बोस्टॉक आणि जर्मनांपैकी श्ट्रुंक बाहेर पडले, तेव्हा नॉर्वेजियन स्की गस्तीशी गाठ पडली आणि श्ट्रुंक गोळी लागून मेला. शॉपिस कैदेत गेला. पुढे जूनमध्ये एका हल्ल्यात बोस्टॉक मारला गेला आणि पार्ट्रिज जर्मनांच्या हाती लागला. पार्ट्रिज आणि शॉपिस पुन्हा भेटले ते १९७७ मध्ये.

त्या दोघांनी आपापसात काय ठरवलं होतं, हे गस्तीला ठाऊक नसतं आणि विचारायला तिला सवडही नसते. म्हणून शेवटी दोघांपैकी एकाने दुसऱ्यावर बंदूक रोखण्यापेक्षा तिसऱ्यांना येऊ द्या. कोणाची गस्त आधी पोहोचणार हे पहिलं वाक्य लिहिण्याआधीच पक्कं करा, कारण रात्रभर दोघांचेही कान तिकडेच लागलेले असणार.